शुगर टेस्टच्या आधी भात बंद करू का?

*ताई, मला सव्वीसावा आठवडा चालू आहे. चोविसाव्या आठवड्यात ते ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी रक्त देतात ती टेस्ट झाली, 146 आली. डॉक्टर म्हणाल्या आता उपाशीपोटी तीन सॅम्पलवाली करू, येत्या मंगळवारी ये. तेव्हापासून मी भात, बटाटा, फळं, साखर सगळं बंद केलंय, दिवसाला एखादा फुलका खाते. सासूबाई म्हणतात टेस्टपर्यंत तो पण नको, म्हणजे रिपोर्ट नक्की नॉर्मल येईल. जाऊबाई म्हणतात टेस्टला जाताना चालत जा, शुगर उतरते. मधेच गेल्या आठवड्यात पोट सारखं कडक होत होतं म्हणून दोन दिवस अ‍ॅडमिट होते, बाळाच्या फुफ्फुसांसाठी बारा बारा तासांनी चार इंजेक्शनं दिली, शेवटचं गुरुवारी, आणि आता घरी आडवं पडून राहायला सांगितलंय. थायरॉइडची, लोहाची, कॅल्शियमची आणि पोट कडक होऊ नये म्हणून एक अशा गोळ्या चालू आहेत. टेस्टआधी काय खाऊ, काय नको, आणि गोळ्यांचं काय करू? – एक वाचक, पिंपरी*

अगं, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलीस, त्यामुळे मी तिथूनच सुरू करते. ती चार इंजेक्शनं. बाळाच्या फुफ्फुसांसाठी बारा तासांच्या अंतराने चार दिली म्हणजे ती बहुतेक डेक्सामेथासोनची असणार, डिस्चार्ज कार्डवर नाव असेलच, बघून घे. हे स्टिरॉइड आहे. बाळासाठी ते गरजेचं होतं, त्याबद्दल मनात काही आणू नकोस, पण स्टिरॉइडने आईची शुगर वर जाते, जिला डायबेटिस नाही तिचीसुद्धा जाते, आणि तो परिणाम इंजेक्शनबरोबर लगेच संपत नाही, साधारण पाचेक दिवस रेंगाळतो. तुझं शेवटचं इंजेक्शन गुरुवारी आणि टेस्ट मंगळवारी, म्हणजे बरोब्बर पाच दिवस, अगदी काठावर. म्हणून बरेच डॉक्टर शेवटच्या इंजेक्शननंतर निदान आठवडाभर जाऊ देतात आणि मग टेस्ट करतात. तर आज पहिलं काम म्हणजे क्लिनिकला फोन करायचा आणि सरळ विचारायचं, "मॅडम, गुरुवारी फुफ्फुसांच्या इंजेक्शनचा कोर्स संपलाय, तर मंगळवारची टेस्ट पुढे घ्यायची का?" आता तू म्हणशील त्यांनीच तर इंजेक्शनं दिली, त्यांना माहीतच असणार. असेलही. पण टेस्टची चिठ्ठी ओपीडीत आधी लिहिलेली, अ‍ॅडमिट झालीस तेव्हा वॉर्डात ड्युटीवर कोण दुसरेच, असं सर्रास होतं, आणि लॅबवाल्याला तर यातलं काहीच ठाऊक नसतं. तुझ्याकडे वेळही आहे. ही टेस्ट चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात करतात, चार दिवस पुढे ढकलून शनिवारी केलीस तरी तू त्याच मुदतीत बसतेस.

एक मात्र लक्षात घे, तुझा 146 हा आकडा इंजेक्शनांच्या आधीचा आहे, म्हणून त्याचं खापर इंजेक्शनांवर फुटणार नाही. आपल्याकडे त्या एका सॅम्पलवाल्या टेस्टमध्ये दोन तासांनी 140 किंवा जास्त आलं की गरोदरपणातला डायबेटिस धरतात, काही डॉक्टर त्यावरच आहार आणि तपासणी सुरू करतात, काही तुझ्या मॅडमसारखं उपाशीपोटीच्या टेस्टने पुन्हा खात्री करतात. टेस्ट पुढे ढकलली तर मधल्या दिवसांत घरी मशीनवर शुगर बघायची का, हेही त्याच फोनवर विचारून टाक.

आता भाताकडे येऊ. सासूबाईंचं म्हणणं ऐकायला एकदम बरोबर वाटतं, गोड-पिठूळ खाल्लं नाही तर शुगर कमी येणार, यात चुकलं कुठे? चुकतं असं की ही टेस्ट तू काल काय खाल्लंस ते मोजत नाही. ती मोजते की 75 ग्रॅम ग्लुकोज एकदम अंगावर आलं तर शरीर ते किती पटकन आवरतं. आणि ज्या शरीराला आठ-दहा दिवस कार्ब, म्हणजे भात-पोळी-बटाटा-फळांतलं पिष्ट आणि साखर, पुरेसे मिळालेलेच नाहीत त्याने आपला कारभार चरबीवर चालवायला घेतलेला असतो, रक्तात चरबीचे घटक वाढलेले असतात, स्नायू तेच वापरत बसतात आणि साखर उचलायला आळस करतात, स्वादुपिंडही इन्सुलिनचा पहिला जोरदार झोत सोडायला थोडं सुस्त झालेलं असतं. अशात तू ग्लुकोजचा ग्लास प्यायलीस की साखर रक्तात तरंगत राहते, एक तासाचा आणि दोन तासांचा आकडा उगाचच वर जातो. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल यावा म्हणून भात सोडायचा आणि भात सोडल्यामुळेच रिपोर्ट बिघडायचा, असा उलटा प्रकार होतो. हे काही आजचं ज्ञान नाही, लंडनमध्ये हिम्सवर्थ नावाच्या डॉक्टरांनी 1930 च्या दशकात धडधाकट माणसांना कमी-जास्त कार्बचं जेवण देऊन हेच दाखवलं होतं, तरी आपल्याकडे अजून लॅबची चिठ्ठी देताना फक्त "उपाशी या" एवढंच सांगतात, आधी तीन दिवस नीट जेवा हे कुणी सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो.

नियम सोपा आहे. टेस्टच्या आधीचे निदान तीन पूर्ण दिवस नेहमीसारखं जेवायचं, दिवसाला 150 ग्रॅमच्या वर कार्ब पोटात जातील असं. 150 ग्रॅम कार्ब म्हणजे 150 ग्रॅम भात नव्हे हां, इथे बऱ्याच जणी गोंधळतात. तुझ्याच जेवणाचा हिशोब करू. आत्ता तू खातेस तो एक छोटा फुलका म्हणजे साधारण 15 ग्रॅम कार्ब, एक वाटी वरण धरलं तर 12, कपभर दूध 10, पालेभाज्या-कोशिंबिरीतून 10, पनीर-शेंगदाण्यातून इकडचे तिकडचे 8. झाले 55. जेवढे हवेत त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. गरोदर बाईला एरवीसुद्धा हे फार कमी आहे, टेस्टचा विषय बाजूला ठेवला तरी.

आता तेच तुझ्या घरातल्या नेहमीच्या जेवणाने बघ. सकाळी एक प्लेट कांदेपोहे म्हणजे 40 च्या आसपास, बरोबर कपभर दूध 10. दुपारी दोन मध्यम पोळ्या, प्रत्येकी 20 धरून 40, वाटीभर वरण 12, भाजीचे 8. संध्याकाळी एक केळं, 25. रात्री ज्वारीची एक भाकरी 30, वाटीभर उसळ 15, वाटीभर शिजलेला भात 28. ही बेरीज 200 च्या जरा वर जाते. कुठेही गोड नाही, जास्तीचं काही नाही, एखाद दिवशी पोहे खायचा कंटाळा आला तरी तू 150 च्या खाली येत नाहीस. आकडे अंदाजाचे आहेत, वाट्या-पोळ्या घराघरात वेगळ्या असतात, काटा घेऊन बसायची गरज नाही. टेस्ट शनिवारी ठरली तर बुधवार, गुरुवार, शुक्रवार असं जेवायचं, पण तू इतके दिवस एवढं कमी खाल्लंयस तर मी म्हणेन आजपासूनच सुरू कर, शरीराला जुन्या वळणावर यायला दोन दिवस जास्त मिळाले तर बरंच. फक्त डॉक्टरांशी बोलताना हे पण सांग, त्यांनी दुसरा काही आहार लिहून दिला असेल किंवा घरच्या मशीनवर आकडे फारच वर दिसत असतील तर त्या म्हणतील ते चालेल.

याच्या उलट टोकालाही जाऊ नकोस. "तीन दिवस कार्ब खायचेत" म्हटल्यावर श्रीखंड-पुरीचा बेत करणाऱ्याही असतात. 150 ही खालची रेघ आहे, तिच्या वर नेहमीचं जेवण असलं की झालं. आणि तुझ्या मनात हा प्रश्न असणारच की जेवले आणि त्यामुळेच शुगर वाढून आली तर? अगं, ज्याचं इन्सुलिन नीट काम करतंय त्याची टेस्ट तीन दिवस पोळी-भात खाऊन बिघडत नाही. नेहमीचं जेवूनही आकडा वर आला तर तो खरा आहे आणि तो कळायलाच हवा, कारण बाळाला रोज तीच शुगर पोचतेय.

उपवास हा यातला आपला खास घोळ. नवरात्रात, श्रावणात टेस्ट आली की बायका म्हणतात उपास होता म्हणजे खाल्लंच नाही. पण साबुदाण्याची खिचडी-रताळं खाणारीचे कार्ब चिक्कार होतात आणि चहा-शेंगदाणे-एखादं फळ यावर काढणारीचे काहीच होत नाहीत. तेव्हा नुसतं "उपवास आहे" असं सांगू नका, काय खाल्लं ते सांगा, आणि कडक उपवास असेल तर टेस्ट त्यानंतर तीन-चार दिवसांनी घ्या.

आदल्या रात्रीचं जेवण टाळायचं नाही. वाटीभर भात किंवा दोन पोळ्या त्यात हव्यातच. समजा टेस्ट सकाळी आठला आहे तर रात्री साडेआठ-नऊपर्यंत जेवून घे, म्हणजे अकरा तासांच्या आसपास उपास होतो. किमान आठ तास लागतात आणि चौदाच्या वर नको. संध्याकाळी सातला जेवून सकाळी लॅबमध्ये गर्दी म्हणून दहाला नंबर लागला की पंधरा तास होतात, त्यामुळे पहिल्याच वेळेची अपॉइंटमेंट घे. मधे साधं पाणी चालतं, हवं तेवढं. चहा चालत नाही, बिनसाखरेचाही नाही. बडीशेप, च्युइंगगम, सुपारी काही नको. मिश्री लावायची सवय कुणाला असेल तर त्या सकाळी तीही नाही, तंबाखूने शुगर हलते, आणि लाजून लपवण्यापेक्षा लॅबमध्ये सांगितलेलं बरं.

जाऊबाईंच्या चालण्याबद्दल. तुला तर आडवं पडून राहायला सांगितलंय, म्हणून तुझ्यासाठी उत्तर एकदम साफ आहे, शुगर उतरवायला म्हणून अंथरुणातून उठून चालायचं नाही आणि लॅबला रिक्षा किंवा गाडीनेच जायचं. पण बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते, आधीच्या दिवसांत रोजची हालचाल जशी असते तशीच ठेवायची. रोज अर्धा तास चालत असाल तर चाला. एरवी न चालणारीने टेस्टच्या आठवड्यात जोरात व्यायाम सुरू करायचा नाही आणि रोज धावपळ करणारीने "टेस्ट आहे" म्हणून पडूनही राहायचं नाही. स्नायू साखर ओढून घेतात, काम करणारे जास्त घेतात आणि निवांत पडलेले कमी. म्हणूनच तुझ्या बाबतीत बेडरेस्ट ही सुद्धा डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे, कारण काही दिवसांच्या झोपून राहण्यानेही टेस्टचा आकडा थोडा वर सरकू शकतो. त्यावर तू काही करायचं नाहीस, रिपोर्ट वाचणाऱ्याला ते माहीत हवं, बस.

ग्लुकोज प्यायल्यानंतरचे दोन तास मात्र सगळ्यांनी बसून काढायचे. खाली जाऊन झेरॉक्स काढून येते, जिन्याने वरच्या मजल्यावर सोनोग्राफीचा नंबर लावून येते, असं नाही. त्या वेळात चालण्याने आकडा खाली येतो आणि असलेला डायबेटिस लपून जाऊ शकतो. जाऊबाई म्हणतात ते चुकीचं नाही, शुगर उतरते, आणि तेच तर आपल्याला टेस्टमध्ये नकोय. दोन तास खुर्चीत बसणं तुला जमणार नसेल तर लॅबला आधी फोन करून आडवं व्हायला कॉट मिळेल का विचार.

गोळ्यांचं असं आहे की स्वतःच्या मनाने एकही बंद करायची नाही, आणि एकही सांगायची राहू द्यायची नाही. एका कागदावर नाव, डोस आणि शेवटचा कधी घेतला ते लिही, किंवा सगळ्या पाकिटांचा मोबाइलवर फोटो काढ, ते जास्त सोपं. तुझी थायरॉइडची गोळी बहुतेक पाण्याबरोबर सकाळी घेता येते, अडचण नसते, तरी एकदा विचारून घे. लोह आणि कॅल्शियम टेस्ट झाल्यावर, काहीतरी खाऊन, शिवाय लोहाने उपाशीपोटी मळमळतं आणि त्यात ग्लुकोजचं पाणी म्हणजे उलटीला आमंत्रणच. मला तुझी चौथी गोळी महत्त्वाची वाटते, पोट कडक होऊ नये म्हणून दिलेली, जिचं नाव तू लिहिलं नाहीस. ती आयसॉक्सुप्रिन असेल तर त्याने शुगर वाढू शकते. निफेडिपिन असेल तर तसा काही विशेष परिणाम धरत नाहीत. दोन्ही आपल्याकडे याच कारणासाठी देतात, म्हणून पाकीट बघ आणि मॅडमना नाव वाचून दाखव. बंद मात्र करू नकोस, पोट पुन्हा आवळायला लागलं तर टेस्ट राहील बाजूला.

इतरांनी सांगायच्या गोष्टी म्हणजे दम्याचा पंप, त्यातलं साल्ब्युटामॉल आणि स्टिरॉइड दोन्ही, अंगावर पुरळ किंवा सांधेदुखीसाठी घेतलेला प्रेडनिसोलोनचा कोर्स, प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं, मानसिक आजारावरची काही औषधं, खास करून ओलान्झापिन, आणि ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या. मेटफॉर्मिन वेगळ्या कारणाने सांगायची, पीसीओएससाठी सुरू केलेली गोळी बऱ्याच जणी गरोदरपणात पुढे चालू ठेवतात आणि "ती शुगरची नाही, पाळीची आहे" म्हणून सांगतच नाहीत, पण ती शुगर खाली ठेवते म्हणजे रिपोर्ट खोटा चांगला येऊ शकतो. घरगुतीही सांगा, मेथीदाण्याचं पाणी, कारल्याचा रस, च्यवनप्राश, साखर असलेलं खोकल्याचं औषध. आणि कुणा वैदूकडून आणलेली नाव नसलेली पुडी असेल तर ती आवर्जून सांगा, असल्या पुड्यांमध्ये कधीकधी स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. वजन कमी करायला पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर तेही आधी सांगायचं, त्यांना हे ग्लुकोज प्यायल्यावर चक्कर, घाम, जुलाब होऊ शकतात, त्यांच्यासाठी डॉक्टर दुसरा मार्ग काढतात. ताप, लघवीचं इन्फेक्शन, जोरदार सर्दी चालू असताना टेस्ट करायची नाही, आजारपणात शुगर वाढतेच.

टेस्टच्या दिवशी आधी उपाशीपोटी एक सॅम्पल घेतील. मग 75 ग्रॅम ग्लुकोज एका मोठ्या ग्लासभर, 250 ते 300 मिली पाण्यात. ते पाच मिनिटांत संपवायचं, गटागट नको आणि वीस मिनिटं चघळत बसायचंही नाही, आणि तळाशी राहिलेलं पण प्यायचं, तिथेच जास्त साखर असते. घड्याळ पहिल्या घोटापासून लागतं, ग्लास संपल्यापासून नाही, ही वेळ तू स्वतः मोबाइलमध्ये टाकून ठेव, म्हणजे एक तासाचं सॅम्पल सव्वा तासाने घेतलं जातंय का ते कळेल. थंड पाण्यात जरा सुसह्य लागतं. उलटी झाली तर लपवायची नाही, ती टेस्ट बाद धरतात आणि दुसऱ्या दिवसाचं बघतात. तिसरं सॅम्पल झालं की लगेच खाता यावं म्हणून डब्यात पोळी-भाजी नेऊन ठेव.

रिपोर्टमध्ये उपाशीपोटी 92, एक तासाला 180 आणि दोन तासांना 153, या तिन्हींपैकी एकही आकडा गाठला किंवा ओलांडला तर गरोदरपणातला डायबेटिस धरतात. समजा तू हे पत्र न पाठवता मंगळवारी तशीच गेली असतीस आणि आकडे 78, 188, 151 असे आले असते. उपाशीपोटीचा एकदम छान, आणि फक्त मधला थोडा वर. असा रिपोर्ट कमी खाण्यानेही येऊ शकतो, इंजेक्शनांनीही येऊ शकतो आणि खऱ्या डायबेटिसनेही, आणि नुसत्या कागदावरून डॉक्टरांना ते वेगळं करता आलं नसतं. नीट जेवून, आठवडा जाऊ देऊन केलेल्या टेस्टमध्ये 188 आलं तर मग शंकेला फारशी जागा राहत नाही. आणि उपाशीपोटीचाच आकडा 98 वगैरे आला तर त्यात आहाराची कारणं शोधत बसू नकोस, मॅडम सांगतील ते त्याच दिवशी सुरू कर.

टेस्ट झाल्यावर परत फुलक्यावर येऊ नकोस एवढं सासूबाईंनाही सांग. डायबेटिस निघाला तरी गरोदरपणात भात-पोळी बंद करत नाहीत, दिवसभरात थोडी थोडी वाटून देतात. आणि निघालाच, तर बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत हीच 75 ग्रॅमची टेस्ट पुन्हा करावी लागते, फक्त तेव्हा उपाशीपोटीचा आणि दोन तासांचा असे दोनच आकडे बघतात आणि त्यांच्या मर्यादा वेगळ्या असतात. त्या वेळी वजन उतरवायच्या नादात कार्ब सोडलेले असतील तर तिथेही आधीचे तीन दिवस वरणभात सुरू करूनच जायचं.